चौऱ्याहत्तर टक्के

आमच्या घरात ‘टक्के’ या शब्दाचा एकच अर्थ होता, निकाल. घरातली मी पहिली पदवीधर. वडिलांनी राजारामपुरीत शाळेच्या मुलांची रिक्षा चालवून मला शिकवलं आणि माझ्या प्रत्येक निकालाचे पेढे रिक्षास्टॉपवर वाटले. म्हणून त्यांच्या साखरेचा रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला आणि ‘मर्यादेत चौऱ्याहत्तर टक्के’ असं त्यात दिसलं, तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या.

“बघ की,” वडील आईला म्हणाले, “पोरीचा बाप बी फर्स्ट क्लासात हाय. उगंच माझ्या चहावर पहारा ठेवतीस.”

ते सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यायचे. सकाळी उपाशीपोटी बोट टोचून मशीनवर साखर बघायचे. एकशे दहा आली की दिवसभर खूश, एकशे तीस आली की दुपारच्या डब्यातली एक भाकरी कमी. तो एक आकडा म्हणजे त्यांचा सगळा मधुमेह. नव्या डॉक्टरबाईंनी मात्र त्यांच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवला होता. तो दोन आठवडे, झोपेतसुद्धा, दर काही मिनिटांनी साखर नोंदवत राहिला. त्याचाच हा रिपोर्ट.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तो पाहिला आणि त्या हसल्या नाहीत.

“चौऱ्याहत्तर चांगलेच की मॅडम?” मी विचारलं.

“सत्तर ते एकशे ऐंशीच्या मधे किती वेळ राहिली, त्याचा हा आकडा. तो चांगला आहे. पण मी आधी तळ बघते.” त्यांनी रिपोर्टातल्या रंगीत पट्टीच्या खालच्या लाल तुकड्यावर पेन ठेवलं. “सत्तरच्या खाली नऊ टक्के. हा चारच्या आत हवा. नऊ टक्के म्हणजे, काका, दिवसाला सरासरी दोन तास तुमची साखर धोक्याइतकी उतरलेली असते.”

मी गणित शिकवते. टक्क्यांचे तास करायला मला कागद लागत नाही. तरी घरी ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

“पर सकाळी तर एकशे धा असती,” वडील म्हणाले.

“ती खरीच असते.” त्यांनी आलेख आमच्याकडे वळवला. दोन आठवड्यांचे सगळे दिवस एकाच दिवसावर रचून काढलेला. सकाळी पट्टा अरुंद होता, म्हणजे रोज साधारण सारखीच साखर. दुपारनंतर तो रुंद होत गेला. कुठल्या दिवशी अडीचशे, कुठल्या दिवशी पन्नासच्याही खाली. “चढउताराचा आकडा बेचाळीस आहे, छत्तीसच्या आत हवा. तुम्ही तपासता तेवढीच वेळ शांत आहे. सकाळच्या इन्सुलिनचा जोर दुपारी राहतो आणि मघाशी म्हणालात तसं तुम्ही जेवण कमी करता. साडेचार ते सहा, जवळजवळ रोज खाली. त्या वेळी काय करत असता?”

मीच सांगितलं, “शाळा सुटते. ते मुलांना घरी सोडतात.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“घाम, थरथर, असं काही होतं?”

“काय सुदिक न्हाय हुत.”

“म्हणूनच भीती वाटते. साखर सारखी उतरत राहिली की शरीर इशारा देणं बंद करतं, डोकं मात्र गोंधळतं. रस्ता चुकलात कधी?”

“परवा एका पोराला दुसऱ्याच बोळात उतरवलं,” ते हळू म्हणाले. “पोरगं हसलं. म्हणालं, काका, माझं घर इसरला व्हय? मी बी हसलो.”

त्या रिक्षात सात-आठ मुलं दाटीवाटीनं बसतात. आम्ही घरी फर्स्ट क्लास मिरवत होतो.

डॉक्टरबाईंनी सकाळचं इन्सुलिन कमी केलं, दुपारची भाकरी पूर्ण खायला सांगितली. दुसरा सेन्सर लावला, साखर उतरली की फोनवर वाजणारा. “लाल तुकडा जाईपर्यंत रिक्षा नाही,” त्या म्हणाल्या. “नंतरही साखर बघितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.”

रिक्षा खालीच उभी होती. वडील सवयीनं पुढच्या सीटवर बसले, मग उतरून मागे जाऊन बसले. तिथं त्यांना बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. शाळा सुटायला अजून अवकाश होता. त्यांनी मुलांच्या घरी एकेक फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या दोघांना गाडी बिघडल्याचं सांगितलं. तिसरा फोन त्या चुकीच्या बोळात उतरलेल्या मुलाच्या आईला होता. “आज गाडी...” एवढं म्हणून त्यांनी वाक्य तिथंच तोडलं.

“ताई, गाडीला काय झालं न्हाय,” ते म्हणाले. “माझी साखर उतरती आन् मला कळत न्हाय. आज पोराला न्यायला तुमीच जावा.”

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. ते फक्त “व्हय, व्हय” म्हणत राहिले. मग पहिल्या दोघांना त्यांनी परत फोन लावला.