आईच्या मुठीचे फुटाणे

त्या दुष्काळात गावच्या दूध संस्थेत दूध निम्म्यावर आलं होतं, आणि ते तपासणाऱ्या माझ्या वडिलांना लॅक्टोमीटरच्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. मोतीबिंदू. बीडच्या डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं, "शुगर खाली आणा, मग ऑपरेशन." अंदाजानं दूध घेणं वडिलांना पटणारं नव्हतं. हातचं काम सुटायची वेळ आली होती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी., आणि हे मी ताठ मानेनं सांगते. ग्लुकोमीटर मीच आणला. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा. सकाळचा आकडा बरा यायचा. संध्याकाळी मात्र चढलेला.

"आप्पा, मधी काय खाता?"

"डॉक्टर म्हन्ले, मूठभर सुकामेवा खा. त्योच खातो."

खिशातून निघाले खजूर आणि मनुका. डॉक्टरांच्या मनात बदाम-अक्रोड असणार. आमच्या घरात सुकामेवा म्हणजे उपवासाचा खजूर.

"गोड हाय की हे!"

"सुकं हाय. रस कुठंय त्याच्यात?"

मी विचारलं, "आपली हीर आटली तसं पाणी कसं झालं?"

"लई खारट. पाणी गेलं, खार मागं ऱ्हायला." बोलता बोलता ते थांबले. हातातल्या खजुराकडे बघत म्हणाले, "म्हंजी हितं साखर ऱ्हायली."

तरी खात्री पाहिजेच. खजूर खाण्याआधी शुगर १४६ होती, दोन तासांनी २३८. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला थोडे फुटाणे दिले. १५० ची १६८ झाली. वडील खूश. इतके खूश, की तिसऱ्या दिवशी संस्थेतून येताना मोठा पुडा घेऊन आले आणि बसल्या बैठकीला संपवला. आकडा पुन्हा दोनशेच्या वर.

"फुटान्यानं चढत न्हाई म्हन्लीस!"

"थोडे खाल्ल्यावर, म्हणलं होतं. अन् पुड्याच्या तळाला हे मुरमुरे कुणी टाकले? ते तांदळाचेच की."

आई चुलीपासून म्हणाली, "मूठभर म्हन्ले डाक्तर. ह्यांची मूठ हाय का घमेलं?"

तिथून माप ठरलं: दुपारच्याला एकदा, आईची मूठ. कधी फुटाणे, कधी भाजलेले शेंगदाणे, मीठ न लावलेले. त्यावर दुसरं काही नाही. खजूर एकादशीलासुद्धा बंद, गोळ्या चालूच. काही आठवडे वडील कुरकुरले, पण संध्याकाळचे आकडे उतरत गेले आणि डॉक्टरांनी ऑपरेशन केलं.

डोळा बरा झाल्यावर ते पहिल्यांदा संस्थेत गेले, तेव्हा मीही सोबत होते. लॅक्टोमीटर खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी रेघ मोठ्यानं वाचली, बरोबर. दुपारी घरी येऊन आईपुढं हात पसरला आणि हातावर पडलेले फुटाणे नीट निरखले.

"आता दिसतंय बरं का मला. मूठ आखडू नको."

"मूठ तीच हाय," आई म्हणाली. "आधी दिसत न्हवती, म्हनून मोठी वाटायची."