लिलाबाईचे बारा डबे

वाशिमच्या आमच्या सोसायटीत चोवीस घरं आहेत, आणि एकमेकांच्या स्वयंपाकात नाक खुपसणारी पंचवीस. अशा ठिकाणी तिसऱ्या मजल्यावरच्या लिलाबाईनं डब्यांचा धंदा काढावा, ही हिंमतच म्हणायची. तिनं सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि दारोदार वाटल्या.

"सर्वांना नमस्कार. एक तारखेपासून मी दुपारच्या जेवणाचे डबे देणार आहे. तीन पोळ्या किंवा दोन भाकरी, भाजी, वरण, भात. रविवारी सुट्टी. महिन्याचे अठराशे रुपये, महिना भरल्यावर. डबा नको असल्यास आदल्या संध्याकाळी सांगावे. प्रत्येक घरामागे दोनच डबे आहेत, म्हणून आजचा डबा संध्याकाळी परत करावा. अन्नविक्रीची नोंदणी केली आहे."

तिचे यजमान उकंडराव जिल्हा परिषदेत कारकून. पत्र वाचून ते म्हणाले, "डबे देशील, पन शेजाऱ्याले पैसे कोन्त्या तोंडानं मागशील?"

लिलाबाई नवे डबे घासायला बसली. तेवीस वर्षं घरात रांधून तिच्या नावावर काही नव्हतं, नोंदणीचा तो कागद सोडला तर. साठवलेल्या पैशातून तिनं बारा डबे आणले होते. हा एक महिना चालला तर चालला, नाहीतर डबे माळ्यावर, हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं. मी शाळेत शिकवते, सकाळी मला भाजी चिरायलाही वेळ नसतो. पहिलं गिऱ्हाईक मीच.

एकूण सहा घरं लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या सुंदरबाईंनी गुडघ्यापायी सकाळचा स्वयंपाक सोडला होता, त्यांनीही डबा लावला. जेवण झकास होतं. घोळ झाला तो डबे परत येण्यात.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. पहिल्या संध्याकाळी एका डब्यात जवसाची चटणी आली, दुसऱ्यात शेवया, तिसऱ्यात काही सुचलं नाही म्हणून नुसती साखर. मीही लोणचं घातलं होतं, खोटं कशाला बोलू? लिलाबाईच्या घरात चटण्यांचं प्रदर्शन भरलं. उकंडरावांना पित्त झालं.

पुढच्या आठवड्यात याहून वाईट झालं. डबे यायचेच थांबले. मंगळवारी सकाळी बारापैकी चारच हाताशी. ती सुंदरबाईंकडे मागायला गेली, तर त्या म्हणाल्या, "दोन्ही डबे घासून ठेवले हायेत. पन घरात कांद्याबिगर काही नाही. उद्या बेसनाच्या पाटोड्या करतो, मंग देतो ना." त्या दिवशी तिनं दोन घरांचं जेवण स्टीलच्या पातेल्यात पोचवलं. महिना सरत आला तेव्हा सुंदरबाईंनी जिन्यात हिशेबही मिटवून टाकला. "तुमच्याकडून येते, आमच्याकडून जाते. फिटंफाट!"

लिलाबाई माझ्याकडे येऊन रडली. मला इतका राग आला, की मी तिला तिथंच बसवून दुसरं पत्र लिहायला लावलं. त्यात एवढंच होतं: "डबा रिकामाच द्यावा. रिकाम्या डब्याचा मला राग येत नाही. पैसे मात्र एक तारखेला द्यावेत."

पत्रं वाटून आम्ही दोघी तिच्या घरी बसलो. अर्ध्या तासात सुंदरबाई पत्र हातात घेऊन, गुडघा धरत, तिसऱ्या मजल्यावर हजर. "काहून वो लिलाबाई? माह्या पाटोड्या तुमाले जड झाल्या काय?"

"पाटोड्या गोड लागल्या, मावशी," लिलाबाई म्हणाली. "पन तुमी मले शेजारीनच समजून राह्यल्या. मी आता डबेवाली हाव. मले तसं समजा."

सुंदरबाई पत्राची घडी घालून खाली गेल्या. आता त्यांचं तोंड महिनाभर तरी दिसत नाही, असं मला वाटलं.

एक तारखेला संध्याकाळी लिलाबाई माझं दार जवळजवळ तोडतच आत आली. एका हातात अठराशे रुपये, दुसऱ्या हातात चिठ्ठी. "सुंदरबाईचा डबा आला, मॅडम! रिकामा! आतमंदी ही चिठ्ठी." चिठ्ठीवर लिहिलं होतं, "वांग्याच्या भाजीत मीठ कमी होते. सुधारणा करावी." बाईच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "तक्रार हाय! पैसे देऊन तक्रार केली! ह्यायले दाखवतो," म्हणून ती वर पळाली.

आता, ती भाजी मीही दुपारी खाल्ली होती. मीठ अगदी बेताचं होतं. दुसऱ्या दिवशी सुंदरबाई जिन्यात भेटल्या, तेव्हा मी त्यांना स्पष्टच विचारलं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मीठ बराबर होतं वो मॅडम. पन रिकामा डबा कसा द्याव मानसानं? काही तं घालाच लागते ना."