देवचाराची काठी आणि वयनीचा नळ

माझ्या न्हाणीघराच्या मागच्या भिंतीत ठाक ठाक आवाज होऊ लागला, तेव्हा मोठ्या जावेने, म्हणजे वयनीने, आधी मला नाही, गावाला सांगितलं. देवचार रागावलाय म्हणाली. देवचार म्हणजे गावाचा राखणदार, तो काठी आपटत फिरतो, ही आमच्याकडे लहानथोर सगळ्यांची श्रद्धा. मी पर्यटकांसाठी खोली बांधली, तिचं न्हाणीघर त्याच्या वाटेवर आलं, म्हणून तो काठी आपटतो, असा तिचा निवाडा.

"तू तेची वाट आडवलंस गो. न्हाणी मोडूक व्हयी," ती म्हणाली. थोरल्या भावोजींनी मान डोलावली. माझा नवरा बोटीवर, समुद्रात. न्हाणी गेली की खोली गेली आणि खोली गेली की माझी स्वतःची म्हणावी अशी कमाई गेली. वयनीला ते पक्कं ठाऊक होतं. खोलीत उतरलेल्या पाहुण्यांनाही तिने देवचाराची गोष्ट ऐकवली आणि ते जेवणसुद्धा न करता गाडीत बसले. त्या दिवशी माझं डोकं जे तापलं, ते अजून पुरतं निवलेलं नाही.

माझं माहेर सावंतवाडीचं आणि वडील नळजोडणी करणारे. मी भिंतीमागे गेले आणि पाइपावर हात ठेवून उभी राहिले. आमच्या दोन्ही घरांना पाणी वरच्या कातळावरच्या टाकीतून येतं. उतारावरून लांबलचक एकच पाइप, आधी माझ्या न्हाणीमागून जाऊन शेवटी वयनीच्या स्वयंपाकघरात पोचतो. तिकडे भांड्यांचा आवाज थांबला की इकडे माझ्या हाताखाली पाइप उसळून भिंतीवर आदळायचा. त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या कधीच निखळल्या होत्या. आणि वयनीने नुकताच नवा नळ बसवून घेतला होता, दांडी जराशी फिरवली की खटकन बंद होणारा. जुना नळ पिळून पिळून बंद करावा लागे, म्हणून तेव्हा कधी आवाज झाला नाही.

किनाऱ्यावर होडी ढकलताना पुढचा माणूस अचानक थांबला, की मागचे त्याच्यावर आदळतात. पाण्याचंही तसंच. उतारावरून वेगात येणारं पाणी एकदम अडवलं की त्याचा सगळा जोर दाब होऊन पाइपातून मागे धावतो, टाकीपर्यंत जाऊन परततो, पुन्हा जातो. पाइप जिथे सैल असेल तिथे ठोके देतो.

मी तेव्हाच जाऊन सांगू शकले असते. नाही सांगितलं. तिने माझी अब्रू चारचौघांत काढली होती, मला उत्तरही चारचौघांतच द्यायचं होतं.

देवचाराला गाऱ्हाणं घालायचं ठरलं, त्या दिवशी वयनीच्या दारापुढच्या खळ्यात गावचे मानकरी जमले. वयनी आत नैवेद्याचे तांदूळ धूत होती. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा घाडी हात जोडून देवचाराला विनवत होता, "ह्या लेकराकडसून काय चूक झाली आसात, तर..." आणि ठाक, ठाक. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"आता तरी मान्य कर," भावोजी म्हणाले.

"करतंय. जरा आत येवा," मी म्हटलं आणि घाड्यासकट सगळ्यांना वयनीच्या स्वयंपाकघरात नेलं. दोन मानकऱ्यांना न्हाणीमागे पाइपाशी उभं केलं. "वयनी, नळ सोडा. आता झटक्यान बंद करा."

तिने केला. मागून हाक आली, "वाजलो!"

"परत सोडा. आता सावकाश बंद करा."

काही वाजलं नाही. पुन्हा झटक्याने करायला लावलं, पुन्हा वाजलं. घाडी नळाकडे बघत म्हणाला, "म्हणजे काठी हयसून येता?"

"व्हय. काठी वयनीच्या हातात आसा."

कुणीतरी हसलं. वयनीचा चेहरा उतरला आणि तो उतरताना मी डोळे भरून पाहिला. देवचाराला मी मानते, नारळही ठेवते. त्याच्या नावावर माझं घर मोडू बघणारीला मानत नाही.

न्हाणी राहिली. मी पाइपाला रबर लावून नव्या पट्ट्या ठोकल्या, टाकीजवळची चावी थोडी आवळून पाण्याचा वेग कमी केला. भावोजींनी हात जोडले म्हणून वयनीच्या नळालगत पाइपाचा एक उभा तुकडाही बसवला, वरून टोपण लावून. त्यात हवा कोंडून राहते, पाण्याचा धक्का ती हवा सोसते.

पण ती हवा हळूहळू पाण्यात विरते. तुकडा पाण्याने भरतो आणि धक्के परत येतात. आता पट्ट्या माझ्या बाजूला घट्ट आहेत, त्यामुळे पाइप वयनीच्याच ओट्याखाली वाजतो. मग ती माझ्या दारात येते. "जरा बघतंस गो?" म्हणते. मी तिला उभी ठेवून चहा संपवते.

उपाय अगदी सोपा आहे. टाकीची चावी बंद करायची, सगळे नळ उघडून पाइप रिकामा होऊ द्यायचा, तुकड्यात आपोआप हवा भरते. हे काम तिलाही जमेल. ती गेल्या खेपेलाही विचारत होती, कसं करतेस म्हणून. मी म्हटलं, "तुमका जमाचा नाय, वयनी. माकाच बोलवा."