एक वाक्य सोडून

जोतीरामनं चहाचा ग्लास असा आपटला, की टपरीवाला ज्ञानू दचकला.

"वाच. मोठ्यानं वाच की!" त्यानं मोबाईल शेजारी बसलेल्या तरुण अनेकांतच्या नाकासमोर धरला.

जोतीराम इचलकरंजीत जॉबर. बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करण्यात, आडवा धागा घेऊन धावणारे धोटे ताळ्यावर आणण्यात बावीस वर्षं गेलेली. शाळा आठवीत सुटली, वाचन सुटलं नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीतून आदिती चौगुले कामगारांच्या अनुभवांचा ब्लॉग चालवायची. त्यावर एकदा आपलं नाव यावं, एवढीच त्याची जिद्द. लेखाचा प्रस्ताव त्यानं लिहिला, आणि मराठीत एम. ए. झालेल्या अनेकांतनं तो सुधारून दिला. विषय : वस्त्रोद्योगाची वाटचाल.

अनेकांत मोबाईल हातात घेऊन आदितीचं उत्तर वाचू लागला.

"नमस्कार जोतीराम. प्रस्तावाबद्दल आभार. हा लेख आम्ही घेऊ शकत नाही. याच विषयावर मागच्या वर्षी आमची तीन भागांची मालिका झाली, आणि तुमच्या आराखड्यात त्याहून वेगळं सापडलं नाही. पण एक वाक्य मी तीनदा वाचलं : 'चाळीस मागांच्या खडखडाटात एकाचा धोटा उशिरा पोचला, तर पाठमोऱ्यालाबी मला कळतंय.' हे कसं कळतं, यावर आठशे शब्द लिहाल का? सुरुवातीचे दोन परिच्छेद थेट मला पाठवा. घाई नाही. घेऊच असं वचन आत्ता देत नाही, पण नक्की वाचीन."

"गोड बोलून हाकललं," जोतीराम गरजला. "इतिहास शिकलेल्यांनी लिहायचा, आम्ही निस्ता खडखडाट सांगायचा व्हय? न्हाय तर न्हाय म्हण की सरळ!"

"सरळच म्हटलंय, दादा. आभारानंतर लगेच."

"मग तुझं तोंड का उतरलंय?"

जोतीरामनं मोबाईल हिसकावून ते वाक्य पुन्हा वाचलं. आणि त्याला आठवलं. हेच वाक्य काढा म्हणून हा पोरगा तासभर भांडला होता. गावठी वाटतंय म्हणाला होता. जोतीरामनं हट्टानं ठेवलं. बाकी सगळं अनेकांतचं.

"तुझंच परत आलंय की रं! माझं एवढंच ऱ्हायलं."

"चुकलं, दादा."

"बावीस वर्षं माग ऐकला मी. आन् पाठवलं काय, तर तुझे 'विविध आयाम'! मीबी येडा. भारी वाटलं म्हणून खाली नाव घातलं."

ज्ञानूनं न विचारता दुसरा चहा ठेवला. जोतीरामनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तो अंगठ्यानं दणादण टाइप करत होता.

'बाई, राग आलाय. अजून गेला न्हाय. इतिहासबी एक दिवस मीच लिहिणार. पण धोट्याचं आधी घ्या.' आणि त्याखाली पहिला परिच्छेद सुरू झाला.

"शुद्धलेखन तरी बघू का?" अनेकांतनं हात पुढं केला.

"हात लावून तर बघ!"

हात मागं गेला. कारखान्यातली पाळी सुरू व्हायला अर्धा तास होता. चहावर साय धरली, तरी अंगठा थांबला नाही.