तीन किलोचा डबा

माझी बायको एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. दिवसातून आठ-दहा वेळा औषधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, वर स्पिरिट. नाशिकची थंडी कोरडी असते. दिवाळीनंतर तिच्या बोटांना भेगा पडत आणि त्या होळीपर्यंत टिकत. भेगाळलेले हात थिएटरमध्ये चालत नाहीत, त्यांत जंतू राहतात. मेट्रनबाईंनी तिला एकदा तसं बजावलंही होतं.

माझा मेहुणा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, रसायनशास्त्राचा पदवीधर. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत त्याचं क्रीम बनवायचं छोटं युनिट होतं. मी तिथे कच्चा माल तोलायचो आणि बॅचच्या कागदांवर सह्या करायचो. बायकोच्या तोंडून ऐकून मीही त्याला दादा म्हणायचो. तो मला दाजी म्हणायचा.

नव्वदीच्या दशकात आम्ही साधं ग्लिसरीनचं क्रीम करायचो. ते खोटं नव्हतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, हात लगेच मऊ होतात. पण दोनदा हात धुतले की ग्लिसरीन वाहून जायचं आणि बायको पुन्हा डबी उघडायची.

दोन हजारनंतर दोन-तीन वर्षांनी दादा कुठल्याशा शोधनिबंधाच्या झेरॉक्स घेऊन आला. जेवता जेवता त्याने बहिणीला समजावलं.

"तुझ्या घरावरची सिमेंटची टाकी गळतीय. ग्लिसरीन म्हणजे तीत वरून पाणी ओतत राहणं. कातडीच्या वरच्या थरात पेशींच्या मधे चरबीचे पापुद्रे असतात, ते पाणी आत अडवतात. साबण तेच धुऊन नेतो. गळती बुजवायची तर तीच चरबी परत द्यायला हवी. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड."

"कोलेस्टेरॉल?" बायको हसली. "बाबांना डॉक्टरांनी तूप बंद केलंय, आणि तू मला कोलेस्टेरॉल चोळायला देणार?"

"ते रक्तातलं. कातडीला ते लागतंच. आणि तिन्ही एकत्र लागतात. तिन्हींपैकी एक जरी काढलं, तर कातडी भरून यायला उलट उशीर होतो. इथे लिहिलंय बघ."

मी प्रमाण विचारलं. रेणू मोजले तर तिन्ही जवळपास सारखेच, पण सेरामाइडचा रेणू जड म्हणून वजनात ते जास्त, असं तो म्हणाला. मी ते लिहून घेतलं.

पहिली बॅच झाल्यावर मी घरी प्रयोग केला. बायकोने उजव्या हाताला ग्लिसरीनचं क्रीम लावायचं, डाव्याला नवं. नव्यातही ग्लिसरीन तेवढंच होतं, वर ही तीन. रोज संध्याकाळी मी भेगा मोजून वहीत लिहायचो. पहिल्या दिवशी उजवीकडे बारा, डावीकडे अकरा. पहिले चार दिवस दोन्ही हातांत फरक नव्हता, उलट उजवा जास्त मऊ लागायचा. तीन आठवड्यांनी उजवीकडे नऊ होत्या, डावीकडे दोन. डाव्या हातावर स्पिरिट घेतलं तरी झोंबत नाही, हे तिने स्वतःहून सांगितलं. मग तिने दोन्ही हातांना नवं लावलं. ती थंडी सुखाची गेली. "दादाने माझी नोकरी राखली," असं ती शेजारणींना सांगायची.

पुढच्या दिवाळीआधी माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी आठ दिवस गावी, सायखेड्याला राहिलो. जाताना दादा म्हणाला, "दाजी, तीन बॅचच्या कागदांवर सह्या करून ठेवा, माल अडायला नको." मी कोऱ्या कागदावर कधी सही केलेली नाही. त्या दिवशी तीनदा केली. मेहुणा होता.

मी परत आलो आणि दिवाळीतच नव्या बॅचची डबी घरात आली. पंधरा दिवसांत वहीत चार, मग सात, मग तेरा भेगा. मी आधी पाण्याला दोष दिला, मग हॉस्पिटलच्या साबणाला. शेवटी बायकोला म्हणालो, "तू नीट लावत नसशील."

तिने डबी माझ्यापुढे आपटली. "तुम्हीच लावा. आणि बघा, दाणे लागतात."

मी बोटांत घेऊन चोळलं. खरंच, बारीक रव्यासारखे दाणे होते. मेट्रनबाईंनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. हात बरे झाले नाहीत तर रेकॉर्ड रूम. अठरा वर्षांची थिएटरची सवय सोडून फायली लावायच्या.

दुसऱ्या दिवशी मी युनिटवर लवकर गेलो. दाणे म्हणजे क्रीमचा तेलकट भाग तापवायच्या टाकीत काहीतरी नीट विरघळलं नाही, असं समजून मी तापमानाच्या नोंदी पाहिल्या. पंच्याऐंशी अंश, तिन्ही वेळा बरोबर. मग एकेक डबा तोलला. कोलेस्टेरॉल पाच किलो आलं होतं. शंभर किलोच्या बॅचला अर्धा किलो. मी जाण्याआधी चार बॅच झाल्या, म्हणजे तीन किलो उरलेलं. नंतर तीन बॅच झाल्या, आता दीड किलो हवं. डब्याचं वजन वजा करून काटा तीन किलोवर थांबला. मी पुन्हा तोललं. तीनच. कोलेस्टेरॉल नसलं की सेरामाइड थिजताना दाणे धरतं, ते दाणे हेच.

बॅचच्या कागदावर मात्र 'कोलेस्टेरॉल, ५०० ग्रॅम' पुढे बरोबरची खूण होती. खाली माझी सही.

दादा आला तेव्हा तो कागद टेबलावर होता. त्याने डब्याकडे पाहिलं आणि नाकारलं नाही.

"एजंटने पेट्या परत पाठवल्या दाजी. गिऱ्हाईक डबी उलटी करतं, कोलेस्टेरॉल वाचतं आणि परत ठेवतं. दुकानदार म्हणतो, हार्टवाल्यांना कसं विकू? मी किती जणांना रक्त आणि कातडी समजावू?"

"मग लेबल बदलायचं. आतला माल का बदलला?"

"लेबलावर नाही आणि डबीत आहे, हे तुम्ही चालू दिलं असतं?"

नसतं दिलं. हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी सायखेड्याला जायची त्याने वाट पाहिली.

"तिन्हींपैकी एक काढलं तर उलट उशीर होतो, हे तुम्हीच वाचून दाखवलं होतं," मी म्हणालो.

"बाकी दोन आहेत ना. ग्लिसरीन आहे. गिऱ्हाइकाला इतकं कळत नाही."

"गिऱ्हाइकाचं सोडा. तुमच्या बहिणीला तीच डबी दिलीत."

तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तिला वेगळी दिली असती तर तुम्ही विचारलं असतं, वेगळी का."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रडली नाही. कुठल्या तारखेच्या बॅच, एवढं विचारलं आणि बोटांवर मोजलं. भाऊबीज होऊन तेव्हा पंधरा-सोळा दिवस झाले होते. नवी डबी त्याने ओवाळणीच्या ताटात ठेवली होती, ते मला तेव्हा आठवलं. तिला आधीच आठवलं होतं.

जुन्या बॅचची एक अर्धी डबी युनिटवर ठेवलेल्या नमुन्यांत सापडली. ती लावून महिनाअखेरीला भेगा सहावर आल्या. मेट्रनबाईंना शून्य हव्या होत्या. एक तारखेला बायको रेकॉर्ड रूममध्ये रुजू झाली. मी युनिट सोडलं.

जानेवारीच्या शेवटी वहीत दोन्ही हातांपुढे शून्य आलं. मी तिला दाखवलं. तिने वही मिटून माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "आता मोजू नका. फायली लावायला बरे हात लागत नाहीत."