सव्वा लाखाचं गाव आणि चौकातला फ्लेक्स

आमच्या मुलीचा फोटो सांगलीत चौकातल्या फ्लेक्सवर झळकला, तेव्हा तिला नोकरी नव्हती. फ्लेक्सवर तिच्यासह तिच्या कोडिंग क्लासची सगळी बॅच होती. वर मोठ्या अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय ओपन सोर्स प्रकल्पात योगदान' आणि खाली, सगळ्यांत मोठा, क्लासच्या सरांचा फोटो. शेजारच्या फ्लेक्सवर कुणाचा तरी वाढदिवस होता. वाढदिवस निदान खरा असावा.

वडूजहून मेव्हणा आला, तो येताना साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन. तो सैन्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाला उभं राहून मान देणारा.

मी लेखापरीक्षणात नोकरी केलेला माणूस. पेढा हातात घेतला आणि मुलीला विचारलं, "योगदान म्हणजे नेमकं काय दिलंस?"

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो, कुणीही वाचावा आणि दुरुस्ती सुचवावी असं सॉफ्टवेअर, एवढं तिने आधी समजावलं. सुचवलेल्या दुरुस्तीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ती प्रकल्प सांभाळणाऱ्याकडे जाते, त्याला पटली तर तो ती प्रकल्पात सामील करून घेतो.

"मग तू काय सुचवलंस?"

"माझं नाव."

"म्हणजे?"

"सरांनी सांगितलं, माहितीच्या फाइलमध्ये आपापलं नाव घाला आणि पाठवा. अख्ख्या बॅचने एकाच दिवशी पाठवलं."

"मग त्यांनी घेतलं?"

"नाही. सगळी बंद केली. स्पॅम म्हणून."

मेव्हण्याने पेढा गिळला. "पण पाठवलं तर होतं न्हवं? परदेशात पोचलं तर हाय."

दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये गेलो आणि सरांना म्हणालो, नामंजूर झालेल्या अर्जाचा फ्लेक्स लावायची पद्धत मी पहिल्यांदाच पाहतोय. सर शांत होते. "आवं काका, कंपन्या कुठं एवढं बघत्यात? कॅलेंडर हिरवं दिसलं पायजे." रोज काही काम नोंदवलं की गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. हे रंगकाम रोज आपोआप करणारा प्रोग्रॅमच क्लासने मुलांना दिला होता. अभ्यासक्रमात तेवढीच एक गोष्ट बिनचूक चालत होती.

मुलीची अडचण साधी होती. जाहिरात 'फ्रेशर पाहिजे' म्हणायची आणि खाली 'दोन वर्षांचा अनुभव' मागायची. मेव्हण्याने तोडगा काढला: त्याच्या भाच्याचं वडूजला सायबर कॅफे, तिथून अनुभवाचं पत्र. "शिक्का बी हाय त्येच्याकडं." मुलगी नको म्हणाली. सांगलीतल्याच एका छोट्या कंपनीत जागा निघाली होती, पुण्याला न जाता करता येण्यासारखी. ती तिला हवी होती, खोटं पत्र न देता. अर्जात अनुभवाचा रकाना होता आणि खाली गिटहबची लिंक मागितली होती. अर्जाच्या मुदतीला अजून अडीच महिने होते.

तिने पहिलं काम केलं ते पोर्टफोलिओ पुसायचं. क्लासमध्ये फळ्यावरून उतरवलेले एकतीस प्रकल्प होते. हवामान सांगणारा, कामांची यादी करणारा, कॅल्क्युलेटर, असे सगळ्या बॅचचे सारखेच. तिने तीन ठेवले, बाकीचे काढले. आमच्या पिढीत फाइल हातात घेतल्यावर जड लागली पाहिजे, साक्षांकित प्रतींसकट.

"एकतीसमधून तीन? निदान दहा ठेव."

"बाबा, तुम्ही एकच पावती दहा वेळा जोडलेलं बिल मंजूर करता?"

मी दहाचा आग्रह सोडला.

उरलेल्या तिन्हींना तिने माहितीचं पान लिहिलं: हे काय आहे, कसं चालवायचं, कसं दिसतं आणि काय अजून जमत नाही. शेवटच्या मुद्द्यावर मी पुन्हा भांडलो. स्वतःच्या अर्जात स्वतःची उणीव कोण लिहितं? ती म्हणाली, चालवून बघणाऱ्याला ती दिसतेच. एका प्रकल्पात डेटाबेसचा पासवर्ड उघडा पडलेला निघाला. तो नुसता खोडून भागत नाही, जुन्या नोंदीत राहतो, म्हणून तिने पासवर्डच बदलला. क्लासने तो प्रकल्प 'उत्कृष्ट' ठरवला होता.

तिन्हींतला एक मी नीट पाहिला. जिल्ह्यातल्या गावांचा तक्ता होता, लोकसंख्येनुसार चढता लावलेला. सव्वा लाखाचं गाव अठ्ठ्याण्णव हजारांच्या आधी आलं होतं.

"तुझ्या संगणकाला लाख कळत नाही काय गं?"

चूक तिची निघाली नाही. तक्ता लावायला तिने एक खुली लायब्ररी, म्हणजे आयता कोड, वापरली होती. त्या लायब्ररीला स्वल्पविराम फक्त तीन-तीन आकड्यांनी ठाऊक. 1,25,000 दिसलं की हा आकडा नव्हेच असं समजून ती अख्खा रकाना अक्षरं म्हणून लावायची, आणि अक्षरांत १ हा ९ च्या आधी येतो.

या वेळी तिने नाव पाठवलं नाही. आधी अडचण लिहिली, ती कशी दिसते ते दाखवलं आणि मी दुरुस्त करू का, असं विचारलं. लायब्ररी सांभाळणाऱ्याने कर म्हटलं, पण चाचणीसह, म्हणजे दुरुस्ती बरोबर चालते हे तपासणाऱ्या ओळींसह. तिने पाठवलं. त्याने परत पाठवलं: तुझ्या दुरुस्तीने 1,2,3 अशी नुसती यादीसुद्धा एक आकडा ठरते. तिने पुन्हा लिहिलं. मग दोन आठवडे शांतता.

"फोन लाव त्याला," मी म्हणालो.

"तो नोकरी करून फावल्या वेळात हे सांभाळतो, बाबा."

मेव्हण्याने फोनवरच कपाळाला हात लावला असावा. "दोघंबी फुकटच राबत्यात? लय येडी दुनिया हाय रं."

अर्जाची मुदत चार दिवसांवर आली तेव्हा ती दुरुस्ती सामील झाली. मोजून अकरा ओळी, त्यांतल्या सात चाचणीच्या. अनुभवाच्या रकान्यात तिने 'नाही' लिहिलं आणि खाली त्या दुरुस्तीची लिंक दिली. मी पेढे आणले नाहीत. आधीचे पचायचे होते.

मुलाखतीला क्लासची आणखी पाच मुलं होती. पाचही जणांचं कॅलेंडर हिरवंगार, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा, आणि पाचही जणांचं हवामान एकच. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आमच्या मुलीचं कॅलेंडर पाहिलंच नाही. त्यांनी ती लिंक उघडली, वरपासून खालपर्यंत संभाषण वाचलं आणि विचारलं, "हे एआयकडून लिहून घेतलंस का? 1,2,3 का चालू नये ते मला कागदावर दाखव." तिने दाखवलं. पहिल्या वेळी आपण कुठे चुकलो तेही सांगितलं. ते तर तिथे जगजाहीर लिहिलेलंच होतं.

तिला सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून घेतलं. मेव्हण्याचा पहिला प्रश्न: "वळख कुणाची लावली?"

क्लासच्या सरांचा फोन आठवड्यात आला. नवा फ्लेक्स करायचा होता, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी', फोटो पाठवा. मुलीने फोन स्पीकरवर टाकला.

"सर, फोटो नको. त्या दुरुस्तीची लिंक छापा. आणि शेजारी आपल्या बॅचची ती बंद झालेली यादी."

सरांनी समजावलं.

"लिंक कोण वाचतंय गं? चौकात फोटो लागतो."

शेवटी त्यांनी जुन्या फ्लेक्सवरून तिचा फोटो कापून लावला. खालचा सरांचा फोटो मात्र नवा काढला होता.