पाठमोरी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना मोबाइलवरचं वाचता येईना, उजेडही डोळ्यांना टोचायचा. मी गावी, मेडशीला गेले तेव्हा त्यांचा फोन हातात घेतला. चॅटची अक्षरं मोठी केली, डार्क मोड लावला. दोन्ही एकदाच केलं आणि सगळ्या चॅटना लागू झालं. मग अक्षरांमागची चित्रं नकोत म्हणून सगळीकडे एकच साधा काळा वॉलपेपर लावला.

एक चॅट मात्र बदलेना. मी चिडून तीनदा लावून पाहिला. एखाद्या चॅटला स्वतःचा वॉलपेपर दिलेला असला की सगळ्यांसाठी बदललेला त्याला लागत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. ते चॅट माझंच होतं. असा वॉलपेपर समोरच्याच्या फोनवर दिसत नाही, म्हणून मला कधी कळलंच नव्हतं.

त्या वॉलपेपरच्या फोटोत बस स्टँडवर एक मुलगी पाठमोरी उभी होती. डार्क मोडमुळे ती अंधुक दिसत होती. आधी पिशवी ओळखली, मग ओढणी.

"ही तर मीच आहे. कोणी काढला?"

"म्याच. तू पहिल्यांदा नोकरीवर जाऊन राह्यली होती तवा."

"तुमाले तर ताप होता. खाटेवर होते तुमी."

"होतो. मंग आलो तुह्या मागं."

"हाक काहून नाही मारली?"

बाबांनी हात पुढे केला, मी फोन दिला.

त्या दिवशी बसमध्ये चढण्याआधी मी दोनदा वळून पाहिलं होतं. मागे कोणीच नव्हतं.